समदलकोटी : एका शब्दाचा अर्थ कसा ठरवावा?

त्रिकोणाचे क्षेत्रफळ काढण्याचे सूत्र आपण सहावी-सातवीत शिकवतो. पाया गुणिले उंची, भागिले दोन. हे सूत्र शिकवताना पुष्कळ शिक्षक आवर्जून सांगतात, की आपल्याकडे आर्यभटाने ते इ.स. ४९९ च्या सुमारास दिले होते. विधान चुकीचे नाही. पण ते बरोबर आहे असे आपण कशाच्या आधारावर म्हणतो, याचा शोध घेऊ लागलो की सगळा भार एका शब्दावर येऊन पडतो. तो शब्द म्हणजे 'समदलकोटी'. त्याचा एक अर्थ घेतला तर आर्यभटाला कोणत्याही त्रिकोणाचे क्षेत्रफळ काढता येत होते असे म्हणता येते. दुसरा अर्थ घेतला तर त्याचे सूत्र समभुज आणि समद्विभुज त्रिकोणांपुरतेच उरते, विषमभुज त्रिकोणाला ते लागूच पडत नाही. मग कोणता अर्थ घ्यायचा?

'आर्यभटीय' हा ग्रंथ फारच आटोपशीर आहे. त्यातल्या गणितपादात अवघे तेहतीस श्लोक आहेत आणि त्यांत वर्गमूळ, घनमूळ, क्षेत्रफळ, ज्या, श्रेढी, व्याज, कुट्टक एवढे सगळे कोंबलेले आहे. त्यातला सहावा श्लोक आपल्या कामाचा. त्याच्या पहिल्या अर्ध्या भागात त्रिकोणाचे क्षेत्रफळ आहे, दुसऱ्या अर्ध्या भागात त्रिकोणी पाया असलेल्या शंकूसारख्या घनाचे घनफळ. पहिल्या भागाचा गाभा तीन शब्दांत सांगता येतो : समदलकोटी, भुजार्ध आणि संवर्ग. 'संवर्ग' म्हणजे गुणाकार, 'भुजार्ध' म्हणजे बाजूचे अर्धे. म्हणजे त्रिकोणाचे फळ हे समदलकोटी आणि भुजेचे अर्धे यांचा गुणाकार. या दोन शब्दांबद्दल वाद नाही. वाद आहे तो पहिल्याबद्दल.

आपटे यांचा संस्कृत-इंग्रजी कोश काढून बसले तर काय हाती लागते? 'सम' म्हणजे सारखा, समान, सपाट, सम संख्या. 'दल' म्हणजे तुकडा, भाग, अर्धे, पाकळी, पान. (आपली स्वयंपाकघरातली डाळ याच 'दल' मधून आलेली. द्विदल धान्य भरडले की दाण्याची दोन अर्धी वेगळी होतात, ती डाळ.) 'कोटी' म्हणजे धनुष्याचे टोक, कड, शिखर, शंभर लाख, आणि भूमितीत काटकोन त्रिकोणाची उभी बाजू. आडवी ती भुजा, उभी ती कोटी, तिरकी तो कर्ण. कोश तीनही शब्दांचे अर्थ देतो, पण या तिघांचा समास झाला की त्याचा अर्थ काय, हे कोश सांगू शकत नाही. समासाचा विग्रह आपल्यालाच करावा लागतो आणि तो एकापेक्षा जास्त प्रकारे होतो.

सर्वांत सरळ विग्रह असा : जिच्यामुळे दोन सम दले, म्हणजे दोन सारखी अर्धी होतात, अशी कोटी. त्रिकोणाच्या शिरोबिंदूतून खाली येणारी आणि त्रिकोणाचे दोन सारखे भाग करणारी उभी रेघ. आर्यभट स्वतः 'दल' या धातूचा उपयोग अर्धे करण्यासाठी करतो. पुढे श्रेढीच्या नियमात त्याने 'दलित' हा शब्द 'निम्मे केलेले' या अर्थानेच वापरला आहे. म्हणजे हा विग्रह ओढूनताणून केलेला नाही, लेखकाच्या स्वतःच्या शब्दवापराशी तो जुळतो.

दुसरा विग्रह असाही करता येतो : 'सम' म्हणजे सामाईक. त्रिकोणाचे जे दोन भाग पडतात त्या दोन्ही भागांना सामाईक असलेली कोटी. भाग सारखेच असले पाहिजेत असे आता बंधन नाही. आणि तिसरी शक्यता अशी, की हा विग्रह करण्याचा खटाटोपच चुकीचा आहे. समदलकोटी हे 'लंब' या अर्थाचे एक रूढ नाव आहे, आणि नावाची फोड करून अर्थ काढायचा नसतो.

हा फरक केवळ व्याकरणाचा नाही. कागदाचा एक समद्विभुज त्रिकोण कापा. शिरोबिंदूतून पायावर लंब टाका आणि त्या रेघेवर कापा. दोन तंतोतंत सारखे काटकोन त्रिकोण मिळतील. त्यांतला एक उलटा करून दुसऱ्याला जोडला की आयत तयार होतो. त्याची एक बाजू लंब आणि दुसरी बाजू पायाचे अर्धे. सूत्र डोळ्यांसमोर उभे राहते. आता हाच खेळ विषमभुज त्रिकोणावर करून पाहा. लंबावर कापले तर दोन तुकडे सारखे नसतात, ते जोडून आयत होत नाही. सारखे क्षेत्रफळ असलेले दोन तुकडे हवे असतील तर शिरोबिंदू पायाच्या मध्यबिंदूला जोडावा लागतो, पण मग ती रेघ पायावर उभी राहत नाही, तिरपी होते. तिला 'कोटी' म्हणता येणार नाही. म्हणजे विषमभुज त्रिकोणात 'दोन सारखी अर्धी करणारी उभी रेघ' नावाची वस्तूच नाही. पहिला विग्रह धरला तर आर्यभटाचे सूत्र अशा त्रिकोणापुढे मुके होते.

आता हा प्रश्न सोडवायचा कसा? आपल्याला एक सोय आहे. या श्लोकावर एक जुने, गद्य आणि सविस्तर भाष्य उपलब्ध आहे. ते आहे पहिल्या भास्कराचे. लीलावती लिहिणारा भास्कराचार्य तो हा नव्हे. तो बाराव्या शतकातला, हा सातव्या शतकातला. भाष्यात त्याने कल्पारंभापासून लोटलेली वर्षे दिली आहेत, त्यावरून भाष्याचा काळ इ.स. ६२९ असा निश्चित करता येतो. आर्यभटाने आपल्या वयाची तेवीस वर्षे पूर्ण झाली तेव्हा कलियुगाची ३६०० वर्षे संपली होती असे सांगून ठेवले आहे, ते वर्ष इ.स. ४९९. म्हणजे मूळ ग्रंथ आणि भाष्य यांत सुमारे १३० वर्षांचे अंतर. आर्यभटीयावरच्या हाती आलेल्या भाष्यांत हे सर्वांत जुने. कृपाशंकर शुक्ल यांनी ते संपादित केले आणि १९७६ साली दिल्लीच्या इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमीने छापले. त्याच्या गणितपादाचे आगाथ केलर या फ्रेंच विदुषीने केलेले इंग्रजी भाषांतर २००६ साली प्रसिद्ध झाले. संस्कृत फारसे न येणाऱ्यालाही आता या भाष्यात शिरता येते.

भास्कराची पद्धत ठरलेली आहे. आधी श्लोकातल्या शब्दांची फोड आणि त्यांचे अर्थ. मग इतर कोणी वेगळा अर्थ केला असेल तर तो, आणि त्यावर आक्षेप. त्यानंतर 'उद्देशक', म्हणजे सोडवायचे उदाहरण. मग 'न्यास', म्हणजे दिलेल्या संख्या किंवा आकृती मांडणे. शेवटी 'करण', म्हणजे प्रत्यक्ष रीत. आपल्या पाठ्यपुस्तकातल्या 'पक्ष, आकृती, उकल' या मांडणीची आठवण व्हावी अशीच ही रचना आहे.

सहाव्या श्लोकावर तो काय म्हणतो? समदलकोटी म्हणजे अवलंबक, लंब, हे तो प्रथम सांगून टाकतो. 'अवलंबक' हा गवंड्याच्या ओळंब्याचा शब्द. मराठीतला ओळंबा त्यातूनच आला. मग तो म्हणतो, की काही जण या शब्दाची 'जिची दोन दले सम आहेत ती कोटी' अशी फोड करतात. हे 'काही जण' कोण, ते त्याने येथे सांगितलेले नाही. भाष्यात इतरत्र तो प्रभाकर नावाच्या पूर्वीच्या भाष्यकाराचे नाव घेऊन टीका करतो, येथे मात्र नाव नाही. त्यांच्यावर त्याचा आक्षेप असा : या अर्थाने समभुज आणि समद्विभुज त्रिकोणांचेच क्षेत्रफळ मिळेल, विषमभुजाचे मिळणार नाही. श्लोकात तर नुसता 'त्रिभुज' शब्द आहे, कोणता त्रिभुज ते सांगितलेले नाही. पण जे हा शब्द लंबाचा वाचक, म्हणजे रूढ शब्द मानतात, त्यांना तिन्ही प्रकारच्या त्रिकोणांचे क्षेत्रफळ मिळते. रूढ शब्दांत दिसणारी क्रिया ही केवळ शब्द कसा बनला हे सांगण्यापुरती असते. त्या वस्तूत ती क्रिया प्रत्यक्ष घडलीच पाहिजे असे नाही.

हा शेवटचा मुद्दा वैयाकरणांचा आहे, आणि तो जरा थांबून समजून घेण्यासारखा आहे. गाईला 'गो' म्हणतात तो शब्द 'जाणे' या अर्थाच्या धातूपासून साधतात. म्हणून गोठ्यात बसलेली गाय 'गो' नाही असे कोणी म्हणत नाही. मराठीत तर अशी उदाहरणे पावलोपावली सापडतात. तेल हा शब्द तिळापासून आला, पण आपण शेंगदाण्याचे तेल खुशाल खातो. शाई हा शब्द काळ्या रंगाच्या फारसी शब्दावरून आला, आणि शिक्षक मंडळी लाल शाईने वह्या तपासतात. लाल शाई म्हणजे 'लाल काळी' असा कोणी अर्थ काढत नाही. शब्दाचा जन्म एका ठिकाणी होतो आणि त्याचा संसार दुसऱ्या ठिकाणी चालतो.

मला वाटते समदलकोटीचेही असेच झाले असावे. वर सांगितलेला कागद कापण्याचा खेळ समद्विभुज त्रिकोणावर प्रथम कोणीतरी केला, तेव्हा मधल्या रेघेला हे नाव पडले. पुढे ती रेघ कोणत्याही त्रिकोणात उपयोगी पडते हे लक्षात आले आणि नाव तेच राहिले. हा माझा तर्क आहे, भास्कराने तसे म्हटलेले नाही. पण तो मानला तर 'दल' चा निम्मे हा अर्थ आणि समासाचा लंब हा अर्थ, दोन्ही एकदम बरोबर ठरतात.

भास्कर नुसता वाद घालून थांबत नाही. तो तिन्ही प्रकारच्या त्रिकोणांची उदाहरणे सोडवून दाखवतो, आणि विषमभुजाचे त्याचे उदाहरण आपल्या ओळखीचे आहे : बाजू १३ आणि १५, पाया १४. लंब माहीत नाही, तो काढायचा आहे. लंबामुळे पायाचे दोन तुकडे पडतात, त्यांना 'आबाधा' म्हणतात. दोन बाजूंच्या वर्गांतली वजाबाकी २२५ – १६९ = ५६. तिला पायाने भागले की ४. हा दोन आबाधांमधला फरक. त्यांची बेरीज म्हणजे पाया, १४. म्हणून एक आबाधा ९ आणि दुसरी ५. आता लहान काटकोन त्रिकोणात कर्ण १३ आणि भुजा ५, म्हणजे लंब १२. त्याला पायाच्या निम्म्याने, ७ ने गुणले की क्षेत्रफळ ८४. वर्गावर हे उदाहरण जरूर करून घ्यावे. हेरॉनचे सूत्र न वापरता, केवळ पायथागोरसच्या प्रमेयावर ते सुटते.

येथे एक गोष्ट पाहा. कोणी हटवादीपणाने 'दोन सारखी अर्धी' हाच अर्थ धरून बसले आणि 'कोटी' कडे काणाडोळा करून शिरोबिंदू ते पायाचा मध्यबिंदू ही रेघ घेतली, तर काय होईल? १३, १४, १५ च्या त्रिकोणात ती रेघ सुमारे १२.१७ भरते आणि 'क्षेत्रफळ' ८५.२ येते. खरे ८४. चूक दीड टक्क्याहूनही कमी, शेत मोजताना दोरीच्या ढिलाईत खपून जाईल इतकी. हे एकच उदाहरण असते तर कोणता अर्थ बरोबर हे मोजणीने कळणे कठीण होते. पण भास्कर आणखी एक विषमभुज त्रिकोण देतो : बाजू २० आणि ३७, पाया ५१. त्याच रीतीने ९६९ ला ५१ ने भागून १९, आबाधा ३५ आणि १६, लंब पुन्हा १२, क्षेत्रफळ ३०६. मध्यबिंदूची रेघ घेतली तर मात्र उत्तर ३९० येते. येथे चूक झाकत नाही. भास्कराने हे उदाहरण याच हेतूने निवडले असे म्हणवत नाही. दोन्ही त्रिकोणांत लंब पूर्णांकी यावा हे त्याने पाहिलेले दिसते. पण ताणलेला, विशालकोन असलेला त्रिकोण उदाहरणात असणे हे आपल्या परीक्षेला सोयीचे झाले आहे.

भाष्यकाराने अर्थ दिला, आपण तो घेतला, येथे प्रकरण संपले असे मात्र मानू नये. भाष्यकार हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. साक्षीदाराची उलटतपासणी करायला हवी. पहिला प्रश्न असा : हा साक्षीदार आपल्या गुरूला सांभाळून तर घेत नाही ना? भास्कराची आर्यभटावर नितांत श्रद्धा होती. ज्या अर्थाने सूत्र तोकडे पडते तो टाकून, ज्याने ते सर्वत्र लागू पडते तो त्याने निवडला. हा युक्तिवाद भाषेचा नाही, 'गुरू चुकणार नाही' या गृहीतकाचा आहे, असे कोणी म्हणू शकेल.

म्हणून भाष्याबाहेरचा पुरावा शोधावा लागतो, आणि तो आर्यभटाच्याच ग्रंथात दोन श्लोक पुढे आहे. आठव्या श्लोकात समलंब चौकोनाचे क्षेत्रफळ दिले आहे : दोन समांतर बाजूंच्या बेरजेचे निम्मे गुणिले उंची. तेथे उंचीसाठी 'आयाम' हा वेगळाच शब्द आहे आणि सारखी अर्धी वगैरे काही नाही. समलंब चौकोनाची वरची बाजू लहान लहान करत शून्यावर आणली की त्रिकोणच उरतो. ज्याला उंचीने गुणण्याची ही कल्पना होती त्याला विषमभुज त्रिकोण अडेल हे संभवत नाही. भास्कराच्या अर्थाला येथून आधार मिळतो, आणि हा आधार भास्कराच्या श्रद्धेवर अवलंबून नाही. एक कोडे मात्र उरते. तेराव्या श्लोकात उभी दिशा पाहण्यासाठी आर्यभट 'लंबक' हा शब्द वापरतो. तो हाताशी असताना सहाव्या श्लोकात त्याने समदलकोटी का वापरला? आर्या वृत्ताच्या मात्रा जुळवण्यासाठी असेल, किंवा तो शब्द त्या काळच्या गणित्यांच्या तोंडात बसलेला असेल.

उलटतपासणीचा दुसरा भाग याच श्लोकाच्या उत्तरार्धात आहे, आणि तो अधिक बोलका आहे. तेथे सहा कडांच्या घनाचे, म्हणजे आपल्या चतुष्फलकाचे, घनफळ दिले आहे. पायाचे क्षेत्रफळ आणि 'ऊर्ध्वभुजा', म्हणजे उंची, यांच्या गुणाकाराचे अर्धे. हे चूक आहे. अर्धे नव्हे, एक तृतीयांश हवे. त्रिकोणात निम्मे होते, म्हणून घनातही निम्मे असावे, अशा साधर्म्याने हे आले असावे असा अंदाज करता येतो.

आधुनिक काळात काही अभ्यासकांना ही चूक आर्यभटाच्या नावावर असणे पटले नाही. जर्मन अभ्यासक कुर्ट एल्फरिंग यांनी १९७७ साली 'इंडियन जर्नल ऑफ हिस्टरी ऑफ सायन्स' मध्ये लेख लिहून या श्लोकातल्या शब्दांचे अर्थ वेगळे लावले, आणि सूत्र मुळात बरोबरच आहे असे दाखवण्याचा प्रयत्न केला. संस्कृत शब्दांना अर्थ पुष्कळ, त्यामुळे असे करता येते. पण भास्कराचे भाष्य उघडले की या प्रयत्नाला खीळ बसते. तो ऊर्ध्वभुजेचा अर्थ उंची हाच घेतो, अर्धे म्हणजे अर्धेच समजतो, आणि उदाहरण सोडवतो. प्रत्येक कड १२ असलेला घन. पायाचे क्षेत्रफळ √३८८८, उंची √९६. त्यांच्या गुणाकाराचे अर्धे √९३३१२, म्हणजे सुमारे ३०५.५. खरे घनफळ √४१४७२, म्हणजे सुमारे २०३.६. भास्कर हे उत्तर निःशंकपणे देतो. दुसऱ्या कोणाचा वेगळा अर्थ असल्याचा उल्लेखही येथे नाही.

हा फरक वर्गात दाखवायला सोपा आहे. जाड कागदाचे १२ सेंटीमीटर कडेचे तीन समभुज त्रिकोण जोडून एक तोंड उघडे ठेवा. त्याच पायाचे आणि ९.८ सेंटीमीटर उंचीचे एक त्रिकोणी खोके करा. बारीक वाळूने पहिले भरून दुसऱ्यात ओता. दोन मापांत खोके भरत नाही, तीन मापांत भरते. एवढी साधी वाळू कोणी ओतून पाहिली नाही का, असे विद्यार्थी हमखास विचारतात. ब्रह्मगुप्ताने मात्र इ.स. ६२८ मध्ये, म्हणजे भास्कराच्या भाष्याच्या केवळ एक वर्ष आधी, निमुळत्या घनाचे घनफळ त्याच पायाच्या सरळ खड्ड्याच्या घनफळाच्या एक तृतीयांश असते, असा नियम दिला होता. योग्य नियम तेव्हा भारतात होता, पण भास्कराच्या भाष्यात तो आलेला नाही.

आता कोणी विचारेल, की एल्फरिंग यांनी केले तेच भास्कराने केले नाही का? दोघांनीही ज्या अर्थाने सूत्र खरे ठरते तो अर्थ निवडला. मग एकाचे घ्यायचे आणि दुसऱ्याचे नाकारायचे, हा पक्षपात नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. मला दोघांत फरक दिसतो तो असा. भास्कर सांगतो, की हा शब्द लंबाला लावणारे लोक आहेत. हे गणिताचे नव्हे, शब्दवापराचे विधान आहे आणि ते त्या परंपरेत शिकलेल्या माणसाने केलेले आहे. शिवाय विरोधी अर्थ तो लपवत नाही, उलट आपल्याला तो त्याच्यामुळेच कळतो. एल्फरिंग यांच्या अर्थाला तसा एकही जुना वापरणारा दाखवता येत नाही. तो अर्थ कोशातल्या शक्यतांमधून जुळवलेला आहे, आणि त्या श्लोकावरचे हाती असलेले सर्वांत जुने भाष्य त्याच्या विरुद्ध साक्ष देते.

उत्तरार्धातली भास्कराची चूक त्याच्या साक्षीची किंमत कमी करते, असे प्रथमदर्शनी वाटेल. मला ती वाढवणारी वाटते, पण एका मर्यादेत. गुरूचे म्हणणे खरे ठरवण्यासाठी तो शब्द पिळत असता तर त्याला योग्य नियम ठाऊक असायला हवा होता, आणि तो ठाऊक नसल्याने येथे त्याने शब्द जसे होते तसे वाचले. पूर्वार्धात मात्र त्याला आबाधा काढून विषमभुजाचे क्षेत्रफळ स्वतंत्रपणे काढता येत होते, म्हणून तेथे त्याचे ज्ञान अर्थाच्या निवडीत मिसळलेले असणे शक्य आहे. याचा अर्थ असा, की इ.स. ६२९ मध्ये हा शब्द लंबाला लावत होते आणि त्याने कोणत्याही त्रिकोणाचे क्षेत्रफळ काढत होते, हे भाष्यावरून खात्रीने सांगता येते. इ.स. ४९९ मध्ये आर्यभटाच्या मनात तोच अर्थ होता हे आपण आठव्या श्लोकाच्या मदतीने, बऱ्याच भरवशाने, पण अनुमानानेच म्हणतो. आणि त्या १३० वर्षांत केव्हातरी 'सारखी अर्धी' असा अर्थ घेऊन शिकवणारेही कोणी होते. त्यांचे ग्रंथ गेले, नावे गेली. भास्कराने त्यांना खोडून काढताना जे दोन-चार शब्द लिहिले तेवढेच त्यांच्याबद्दल आज उरले आहे.